टी खूण जुळली, तरी टॅपेट चुकलं: फोर स्ट्रोक इंजिन आणि व्हॉल्व्ह टायमिंग शिकवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक बॅच. विद्यार्थी २४, चौघांचा एक असे सहा गट. शिकवणारे दोघे, सर आणि मॅडम. वर्कशॉपमध्ये स्टँडवर बसवलेलं १०० सीसीचं एक सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं मोटरसायकलचं पेट्रोल इंजिन. कॅमशाफ्ट हेडमध्ये, चेनवर चालणारी. शेजारी कापून दाखवलेलं कट सेक्शन मॉडेल.

फोर स्ट्रोक इंजिनाची थिअरी आधीच्या सत्रात झालेली होती. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट असा चार ओळींचा तक्ता सगळ्यांच्या वहीत होता. प्रत्येक ओळीला १८०°, पिस्टन खाली की वर, कोणता व्हॉल्व्ह उघडा, एवढंच त्यात लिहिलेलं. व्हॉल्व्ह टायमिंगची गोल आकृतीही बहुतेकांना डोळे मिटून काढता येत होती. चाचणीत मार्कही बरे पडले होते.

अडचण कुठे दिसली

टॅपेट सेटिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट नेमकी ठेवण्याच्या प्रॅक्टिकलला. पुस्तिकेप्रमाणे मॅग्नेटोवरची ‘टी’ खूण केसिंगवरच्या खुणेशी जुळवायची आणि दोन्ही टॅपेटमध्ये ०.०५ मिमीचा फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, किंचित अडकत सरकेल इतकी फट ठेवायची, असं काम होतं. एका गटानं खूण नीट जुळवली, फीलर घातला, तो जाईना. मग स्क्रू सैल करत करत फीलर जाईपर्यंत आणला, नट आवळला. इंजिन चालू झालं, पण हेडमधून टकटक असा मोठा आवाज.

“सर, खूण तर बरोबर जुळली होती,” हे गटाचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

सरांनी क्रँक बरोबर एक फेरा फिरवायला लावला. टी खूण पुन्हा जुळली. आता त्याच टॅपेटमध्ये ०.४० मिमीचा फीलर सहज गेला.

क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये पिस्टन दोनदा टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. मॅग्नेटो क्रँकवर बसलेला, त्यामुळे टी खूण दोन्ही वेळा जुळते. एक्झॉस्टच्या शेवटच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि रॉकर कॅमवर चढलेले असतात. तिथे फट नसतेच. स्क्रू सैल करून फट ‘तयार’ केली की कॅमनं तिथे जेवढं उचललं होतं तेवढी जास्तीची फट कायमची बसते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, उचल कमी होते आणि रॉकर दर वेळी आपटतो. चुकीच्या टीडीसीला सेट केलं की फट नेहमी जास्तच होते, कधी कमी होत नाही. इंजिन जळत नाही, नुसतं वाजतं, म्हणून ही चूक गॅरेजमध्येही बऱ्याचदा ‘चेन वाजतेय’ म्हणून खपून जाते.

चुकीचं मूळ हाताच्या कामात नव्हतं. वहीतल्या चार ओळींच्या तक्त्यात एक्झॉस्ट संपतो तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद आणि सक्शन सुरू होतो तिथे इनलेट उघडा, म्हणजे त्या रेघेवर दोन्ही बंदच दिसतात. तक्त्यावर विश्वास ठेवला तर दोन्ही टीडीसी सारख्याच. आणि गोल आकृतीत ७२०° एकाच वर्तुळावर दोनदा गुंडाळलेले असल्यानं दोन्ही टीडीसी कागदावरच्या एकाच बिंदूवर येतात. दोन्ही साधनं नेमकी तीच गोष्ट झाकत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: ‘कॉम्प्रेशन टीडीसी म्हणजे जिथे दोन्ही रॉकर हातानं हलवता येतात ती’ एवढा नियम फळ्यावर लिहून पुढे जायचं. टॅपेट त्या दिवशी बरोबर झालं असतं, पण चेन एक दात चुकली तर काय होतं किंवा स्पार्क दर फेऱ्याला का पडतो, हे प्रश्न तसेच राहिले असते.

दुसरा, अॅनिमेशन दाखवायचं. ते आधी दाखवून झालं होतं. अॅनिमेशनमध्ये सगळं आपोआप घडतं, पाहणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. शिवाय बऱ्याच अॅनिमेशनमध्ये व्हॉल्व्ह बरोबर टीडीसीला किंवा बीडीसीला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या टोकालाच उघडतात, म्हणजे पुन्हा तीच चूक.

तिसरा, कट सेक्शन मॉडेल हातानं फिरवून दाखवायचं. हे मॉडेल बरंच झिजलेलं होतं, चेन सैल होती. एक्झॉस्टकडून सक्शनकडे जाताना दोन्ही व्हॉल्व्ह उघडे दिसायला हवेत, तिथे चेनच्या ढिलाईनं नेमकं काही कळत नव्हतं.

चौथा, तक्ताच नव्यानं मांडायचा आणि त्यातले आकडे विद्यार्थ्यांनी स्टँडवरच्या इंजिनावर स्वतः शोधायचे. दोन तासांची दोन प्रॅक्टिकलं त्यात जाणार होती. तरीही हाच पर्याय निवडला.

निर्णय: तक्ता कुठे कापायचा

स्ट्रोक पिस्टनचा असतो. टीडीसी ते बीडीसी, बरोबर १८०°. सिलिंडरमधल्या वायूचा टप्पा मात्र व्हॉल्व्ह उघडला-मिटला की बदलतो, आणि व्हॉल्व्ह काही पिस्टनच्या टोकांवर उघडत-मिटत नाहीत. म्हणून तक्ता फक्त टोकांवर न कापता प्रत्येक घटनेवर कापायचा ठरला. चार ओळींच्या आठ झाल्या.

आकड्यांसाठी एकच नमुना धरला: इनलेट टीडीसीआधी १०° उघडतो, बीडीसीनंतर ४०° मिटतो, एक्झॉस्ट बीडीसीआधी ४५° उघडतो, टीडीसीनंतर १०° मिटतो, स्पार्क टीडीसीआधी २०°. वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे असतात आणि इंजिनागणिक ते बदलतातच. एकाच तासाला तीन संच दिले की मुलं पाठांतराकडे वळतात, म्हणून शेवटपर्यंत हाच नमुना वापरला. सक्शनच्या सुरुवातीची टीडीसी ०° धरली.

| टप्पा | क्रँकचा कोन | पिस्टन | इनलेट | एक्झॉस्ट | सिलिंडरमध्ये |
|---|---|---|---|---|---|
| १ | ७१०° ते १०° | वर येऊन खाली वळतो | उघडा | उघडा | ओव्हरलॅप: उरलेला धूर बाहेर, ताजं मिश्रण आत येऊ लागतं |
| २ | १०° ते १८०° | खाली | उघडा | बंद | मिश्रण खेचलं जातं |
| ३ | १८०° ते २२०° | वर | उघडा | बंद | पिस्टन वर निघाला तरी मिश्रण वेगामुळे आत घुसत राहतं |
| ४ | २२०° ते ३४०° | वर | बंद | बंद | खरं कॉम्प्रेशन |
| ५ | ३४०° ते ३६०° | वर | बंद | बंद | स्पार्क पडला, ज्वाळा पसरतेय |
| ६ | ३६०° ते ४९५° | खाली | बंद | बंद | दाबानं पिस्टन ढकलला जातो |
| ७ | ४९५° ते ५४०° | खाली | बंद | उघडा | उरलेल्या दाबानं धूर स्वतःच बाहेर सुटतो |
| ८ | ५४०° ते ७१०° | वर | बंद | उघडा | पिस्टन धूर ढकलून काढतो |

शेवटचा रकाना सोडून बाकी तक्ता विद्यार्थ्यांना कोरा दिला. पडताळ्यासाठी एकच गोष्ट सांगितली: सगळ्या टप्प्यांच्या अंशांची बेरीज ७२० आली पाहिजे. २०, १७०, ४०, १२०, २०, १३५, ४५, १७०. बेरीज चुकली तर कुठला तरी व्हॉल्व्ह चुकीच्या फेऱ्यात गेला, हे मुलांना स्वतःच कळायचं. इनलेट एकूण २३०° उघडा, एक्झॉस्ट २३५°. कॅम निम्म्या वेगानं फिरते, म्हणून कॅमवर हेच ११५° आणि ११७.५°.

तक्ता भरताना हमखास येणारा प्रश्न आलाच: पिस्टन वर निघाल्यावरही इनलेट ४०° उघडा, मग आत आलेलं मिश्रण परत बाहेर नाही का ढकललं जाणार? याला शब्दांनी उत्तर न देता मोजमापानं दिलं. स्ट्रोक ५० मिमी आणि कनेक्टिंग रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट लांब धरला, तर बीडीसीनंतर ४०° फिरेपर्यंत पिस्टन जेमतेम साडेचार मिमी वर येतो. ५० मधले साडेचार. टोकाजवळ क्रँक बरीच फिरते आणि पिस्टन जागेवरच घुटमळतो. दुसरीकडे ६००० आरपीएमला १८०° म्हणजे फक्त ५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात पाइपातून धावत आलेलं मिश्रण पिस्टन थांबला म्हणून लगेच थांबत नाही. साडेचार मिमीचा तोटा आणि आत घुसणाऱ्या मिश्रणाचा फायदा, यात वरच्या वेगाला फायदा जास्त. कमी वेगाला मात्र थोडं मिश्रण खरंच परत जातं. म्हणूनच खालच्या वेगाला जोर हवा असलेल्या इंजिनात इनलेट लवकर मिटवतात.

एक्झॉस्टचंही तसंच. बीडीसीआधी ४५° ला पिस्टननं स्ट्रोकचा सुमारे ८८ टक्के भाग पार केलेला असतो. उरलेल्या पावणेसहा मिमीतलं काम सोडून दिलं, तर त्या बदल्यात धूर दाबानं निघून जातो आणि परत येताना पिस्टनला तो कमी ढकलावा लागतो. ओव्हरलॅपमध्ये तर पिस्टन टीडीसीपासून अर्ध्या मिमीच्या आतच असतो. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असूनही पिस्टन जवळपास स्थिर, हे इथे आकड्यात दिसलं.

कृती: तक्ता इंजिनावर

कोनमापक चकती वर्कशॉपमध्येच केली. जाड पुठ्ठ्यावर छापलेली चकती जुन्या क्लच प्लेटला चिकटवली आणि मॅग्नेटोच्या नटाखाली बसवली. एका वर्तुळावर ७२०° मोजायचे म्हणून चकतीवर दोन कड्या: आतली ० ते ३६०, बाहेरची ३६० ते ७२०. कोणत्या कडीवर वाचायचं हे कॅम स्प्रॉकेटवरच्या खुणेवरून ठरवायचं. त्या स्प्रॉकेटचे दात २८, क्रँकवरच्या दातांच्या दुप्पट. मुलांनी दात मोजले, आणि कॅम निम्म्या वेगानं का फिरते हे वेगळं समजवावं लागलं नाही. पॉइंटरसाठी वेल्डिंगच्या तारेचा तुकडा केसिंगच्या बोल्टखाली दाबला.

पहिला घोळ टीडीसी शोधताना झाला. प्लगच्या भोकातून पाना घालून ‘पिस्टन सगळ्यात वर आला’ असं डोळ्यानं ठरवलं, तर गटागटात पाच-सहा अंशांचा फरक. कारण वर सांगितलेलंच: टोकाजवळ पिस्टन हलतच नाही. मग पिस्टन स्टॉपची पद्धत वापरली. जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग काढून त्यात गुळगुळीत टोकाचा बोल्ट बसवला आणि तो प्लगच्या जागी घातला. पिस्टन हलकेच टेकेपर्यंत क्रँक हातानं एका बाजूला फिरवली, वाचन घेतलं. मग उलट बाजूला, पुन्हा वाचन. एका गटाला शून्याआधी ३४° आणि शून्यानंतर २६° मिळाले. खरी टीडीसी दोघांच्या मधोमध, म्हणजे चकतीच्या शून्याच्या ४° आधी. पॉइंटर तेवढा सरकवला. हे करताना स्टार्टर किंवा किकला कोणी हात लावू नये म्हणून किकचा दांडाच काढून ठेवला होता, कारण एक किक बसली तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं.

यानंतर स्टॉप काढला, टॅपेटची फट नियमाप्रमाणे केली, आणि टॅपेटच्या झाकणाच्या भोकातून डायल गेजचं टोक स्प्रिंगच्या रिटेनरवर टेकवलं. क्रँक नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवायची, आणि वाचन हुकलं तर मागे न घेता पुढे पूर्ण दोन फेरे मारून परत यायचं. उलट फिरवलं की चेनची ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि वाचन बिघडतं.

दुसरा घोळ इथे. ‘सुई हलली त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडला’ असं धरल्यावर एका गटाचा इनलेट टीडीसीआधी २२° उघडला, दुसऱ्याचा ९°. इंजिन एकच. कॅमचा चढ सुरुवातीला मुद्दाम मंद ठेवलेला असतो, म्हणजे रॉकर हळूच टेकतो. त्या मंद चढावर सुई ‘हलली’ हे कधी म्हणायचं, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर. सरांनी ठरवून दिलं की १ मिमी उचल झाली की व्हॉल्व्ह उघडला म्हणायचं आणि मिटतानाही १ मिमीलाच वाचायचं. आता दोन्ही गटांत एकाच अंशाचा फरक राहिला. अनेक उत्पादक टायमिंग १ मिमी उचलीलाच देतात. तक्त्यात तेव्हापासून कोनाच्या शेजारी ‘किती उचलीला’ असा एक बारीक रकाना वाढला. तो नसेल तर १ मिमीचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळत नाहीत, आणि मुलांना वाटतं कॅमच झिजली.

शेवटी मुद्दाम चेन एक दात चुकवून बसवली, इंजिन चालू न करता. २८ दातांमध्ये एक दात म्हणजे कॅमवर सुमारे १३°, क्रँकवर जवळपास २६°. कॅम मागे पडली तर नमुना तक्त्यातला इनलेट २२० ऐवजी २४६° ला मिटतो, एक्झॉस्ट १०° ऐवजी टीडीसीनंतर ३६° पर्यंत उघडा राहतो. तक्त्यातल्या व्हॉल्व्हच्या चारही घटना एकदम सरकतात, स्पार्कचा ३४०° मात्र हलत नाही, कारण तो क्रँकवरच्या मॅग्नेटोतून येतो. कॅम-चेनची चूक आणि इग्निशनची चूक यातला फरक मुलांना इथे पहिल्यांदा वेगळा दिसला.

काय झालं

दोन आठवड्यांनी तेच टॅपेटचं प्रॅक्टिकल पुन्हा घेतलं, काही न सांगता. सहापैकी पाच गटांनी टी खूण जुळवल्यावर आधी रॉकर हलवून पाहिले. एका गटानं प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि हवा अंगठा ढकलायला लागली तेव्हा ‘इनलेट मिटला, २२० झाले’ असं म्हटलं. सहाव्या गटानं एक्झॉस्टच्या टीडीसीलाच सुरुवात केली, पण फीलर जाईना तेव्हा स्क्रूला हात न लावता क्रँक एक फेरा पुढे फिरवली.

अनपेक्षित फायदा टायमिंग लाइटच्या वेळी झाला. “मॅडम, लाइट दर फेऱ्याला लागतोय, दोन फेऱ्यांत एकदाच लागायला हवा ना?” असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं तक्ता काढला: ३४० मध्ये ३६० मिळवले की ७००°. तिथे आठ नंबरचा टप्पा, एक्झॉस्ट उघडा, इनलेट उघडायला अजून १० अंश बाकी. पेटवायला काही नाही, तो स्पार्क वाया जातो. मॅग्नेटोला दोन टीडीसींमधला फरक कळत नाही, त्यामुळे त्याची तीच गत जी पहिल्या गटाची झाली होती.

लेखी परीक्षेत एक तोटाही दिसला. प्रश्नात ‘टीडीसीआधी किती, बीडीसीनंतर किती’ असं विचारलेलं असताना काहींनी ४९५° असं सरळ लिहिलं आणि मार्क गमावले.

वेगळं काय करता आलं असतं

शून्याची जागा. सक्शनच्या टीडीसीला ० धरल्यानं सगळ्यात अवघड टप्पा, ओव्हरलॅप, ७१० ते १० असा तक्त्याच्या दोन टोकांत चिरला गेला. कॉम्प्रेशनच्या शेवटच्या टीडीसीला ० धरलं असतं तर एक्झॉस्ट १३५° ला उघडतो, इनलेट ३५० ला, एक्झॉस्ट ३७० ला मिटतो, इनलेट ५८० ला मिटतो, स्पार्क ७०० ला. ओव्हरलॅप तक्त्याच्या बरोबर मधोमध, सलग. शिवाय ० म्हणजे टॅपेट सेट करायची जागा आणि ३६० म्हणजे न करायची जागा, हे आकड्यातच दिसलं असतं. पुढच्या बॅचसाठी चकती तशीच छापली आहे. सक्शनपासून सुरुवात करायची सवय पुस्तकांमुळे पडलेली आहे, ती मोडताना पहिल्या तासाला थोडा गोंधळ होतो, हे मान्य.

दुसरं, १ मिमीचा नियम आधीच सांगायला हवा होता की नको, यावर दोन्ही शिक्षकांचं एकमत झालं नाही. सरांच्या मते २२° आणि ९° चा घोळ होऊ दिला म्हणूनच नियमाचं कारण कळलं. मॅडमच्या मते त्यात अर्धा तास गेला आणि दोन गटांना चेन चुकवण्याचा प्रयोग हातानं करायलाच मिळाला नाही, बघावा लागला.

तिसरं, तक्त्यात ‘टीडीसी-बीडीसीच्या संदर्भानं’ असा रकाना पहिल्या दिवसापासून हवा होता. ४९५° च्या शेजारी ‘बीडीसीआधी ४५°’ एवढंच. नव्या तक्त्यात तो आहे.

त्याच बॅचनं पुढच्या सत्रात चार सिलिंडरच्या इंजिनाचे टॅपेट केले. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर येतात, पण त्यांचे टप्पे ३६०° च्या अंतरानं. चौथ्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक मिटत असताना दुसरा उघडायला लागला, की पहिल्याचे सेट करायचे, ही गॅरेजमधली जुनी रीत. फळ्यावर लिहिण्याआधी एका मुलीनं चौथ्याच्या ओव्हरलॅपपुढे तक्त्यात पहिल्या सिलिंडरसाठी कॉम्प्रेशनची टीडीसी पेन्सिलीनं लिहून ठेवली होती.